एकाच बाजारात दोन ओटे

शेखर चैत्रात गेला. अंगणातला मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गावी पांगले, आणि घर जरा कुठं गप्प होतंय तोच त्याच्या लॅपटॉपवर निरोप आला: 'शेखर, बरा आहेस ना? किती दिवसांत बोलला नाहीस. माझ्या दुलया तुझी वाट बघताहेत.'

निरोप डोरीनबाईंचा. स्कॉटलंडातल्या कुठल्याशा डोंगरगावात त्या घरबसल्या तान्ह्या बाळांच्या दुलयांवर मशीननं भरतकाम करायच्या. कुणाचं नाव, कुणाचं मेंढरू, कुणाला रानफूल. आता मशीनला काही चित्र कळत नाही, त्याला टाका कळतो. सुई कुठून निघेल, कुठं वळेल, कुठला टाका आडवा, कुठला तिरपा, हे सगळं आधी संगणकावर कुणीतरी मांडून द्यावं लागतं. ती मांडणी शेखर करायचा, मखमलाबादच्या मळ्यातल्या घरातून, खिडकीबाहेर शेवंतीचे वाफे ठेवून. परदेशातली कामं मिळवून देणाऱ्या एका साइटवर त्याचं अकाउंट होतं. कष्टानं उभं केलेलं, गिऱ्हाइकांनी दिलेल्या ताऱ्यांनी लखलखणारं.

मनीषानं, त्याच्या बायकोनं, निरोप वाचला. बोटं कीबोर्डवर ठेवली. 'मी गेलो' असं कसं लिहायचं? आणि 'ते गेले' असं लिहायला हात उचलेना. तिनं लिहिलं, 'आजारी होतो. आता बरा आहे. काम पाठवा.'

काम तिला परकं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच शेखरनं तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. "कापड ओढ खातं, म्हणून आकार वाजवीपेक्षा जरा मोठा धरायचा. आणि वरच्या टाक्याखाली आधाराचा टाका घालायचा. दिसत नाही, पण त्याच्याशिवाय वरचं सगळं चुरगळतं." तेव्हापासून निम्म्या मांडण्या तिच्या हातच्या. नाव मात्र त्याचं, कारण बोलणं-चालणं तो बघायचा. आता ती शेखर होऊन उठायची, शेखर होऊन उत्तरं द्यायची. पैसे दोघांच्या नावच्या बँक खात्यात यायचे. दुपारी अकाउंट उघडलं की नवऱ्याच्या फोटोशेजारी हिरवा ठिपका लागायचा: ऑनलाइन.

आरोही, तिची नणंद, गंगापूर रोडच्या एका कंपनीत नोकरीला. रविवारी माहेरी आली की वहिनीच्या खोलीत ठाण मांडायची.

"वहिनी, हे चालायचं नाही," ती एकदा म्हणाली. "दादाचं अकाउंट दादाचं. ते दुसऱ्याला वापरता येत नाही. ज्या दिवशी साइटवाले चेहरा मागतील त्या दिवशी काय करणार? मिशी लावणार?"

मनीषाला हसू आलं आणि मग आलं ते रडू.

"रडू नका हो. ऐका. साइट एक, आणि त्या साइटवर गिऱ्हाईक म्हणाल तर डोरीनबाई. बाकीची येऊन-जाऊन. त्या बाई उद्या म्हाताऱ्या झाल्या..."

"आत्ताच म्हाताऱ्या आहेत."

"बघा! आई झेंडू पिकवते तर फुलबाजारात घालते, मंदिराजवळच्या दुकानाला देते, मांडववाल्यालाही देते. एकानं भाव पाडला तर दुसरा असतो. तुम्ही मात्र सगळं एका दारात ओतलंय. स्वतःच्या नावानं दुसऱ्या साइटवर जा. तुमचं एकटीचं बँक खातं लावा. स्वतःचे नवे नमुने टाका. तयार मांडण्या विकायची वेगळी साइट असते, तिथं एक मांडणी पुन्हा पुन्हा विकली जाते. आणि इथंही, सिडकोत तो निवृत्ती शाळांचे बॅज भरतो, त्याला विचारा. चार झरे असले की एक आटला तरी घागर भरते."

"करते."

"करते नाही. कधी?"

"करते म्हटलं ना गं. मास्तरीण कुठली."

बाहेर ओट्यावर कुसाबाई, शेखरची आई, शेवंतीची वेणी गुंफत होती. तिच्या ओठांवर काहीतरी हलत होतं. लेक गेल्यापासून ती गुणगुणायची ते पुरतं ऐकू कधी येत नसे. त्या दिवशी आलं:

*सुई मोडली मोडली, दोरा राहिला हातात,*
*नाव घेऊ मी कुणाचं भरलेल्या परसात.*

मनीषानं दिवाळी उलटल्यावर अकाउंट उघडलं. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोनं. पण उघडलं ते त्याच साइटवर.

का, ते तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की दुसरी साइट कळत नाही, इथली वाट पायाखालची आहे. ते खरंही होतं. पण त्याच्या तळाशी दुसरंच होतं. कामाचं नाव शोधलं की माणसांची ओळ लागते, त्या ओळीत तिला शेखरच्या जवळ बसायचं होतं. बाजारात नवरा-बायको शेजारी शेजारी ओटे मांडतात, त्याच्याकडे भाजी, तिच्याकडे कोथिंबीर, तसं. घरात त्याच्या खुर्चीशेजारची तिची खुर्ची उचलून कुसाबाईनं भिंतीला लावली होती. इथली कुणी उचलणार नव्हतं.

नमुने म्हणून तिनं त्याच्याच पानावरची चित्रं लावली. तिनंच तर मांडली होती त्यातली निम्मी. बँक खातं तेच, दोघांचं. लॅपटॉप तोच. मग शेखर होऊन डोरीनबाईंना लिहिलं, 'माझी बायकोही आता हेच काम करते. तिचं पान पाहा.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'किती छान! शेखर, एक विचारू? वसंतापासून तुझे टाके मऊ झालेत. बाळाच्या गालाला बोचत नाहीत. काय बदललं? की ही तिची करामत?'

मनीषानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. उद्या लिहू म्हणाली.

आरोहीचा फोन आला तेव्हा सांगितलं, "उघडलं गं अकाउंट." आरोहीला वाटलं, सुटलो एकदाचे.

उत्तर लिहायचा तो उद्या आला नाही. सकाळी दोन्ही पानं बंद होती. साइटचं पत्र होतं: दोन अकाउंटांचं यंत्र एक, बँक खातं एक, नमुने एक. हा एकच माणूस दोन नावांनी बसला आहे असं दिसतं. दोघांनीही ओळखपत्र हातात धरून कॅमेऱ्यासमोर यावं, तोवर सगळं स्थगित. डोरीनबाईंच्या संदेशाची खिडकी राखाडी झाली होती. वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. चालू काम अर्ध्यावर, आणि झालेल्या कामाचे पैसे आत अडकलेले.

आरोही ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"त्याच साइटवर? वहिनी, मी काय सांगितलं होतं? दोन अकाउंट म्हणजे दोन आधार नव्हेत. दार एकच, तुम्ही फक्त पाट्या दोन लावल्या! वर तेच बँक खातं, तेच फोटो! एवढी हुशार बाई तुम्ही, आणि..."

"मला त्यांच्याजवळ बसायचं होतं."

एवढंच म्हणाली मनीषा, मान खाली घालून, पोरीनं चोरून गूळ खाल्ल्यासारखं.

आरोही पलंगाच्या काठावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "मी रोज जेवायच्या सुट्टीत दादाचं पान उघडायचे. ठिपका हिरवा दिसला की डबा उघडायचे. मला माहीत होतं तुम्हीच बसलाय आत. तरी उघडायचे." तिनं ओढणीचं टोक सोडलं. "आज राखाडी होता. तुमचा फोन यायच्या आधीच मला कळलं."

मग नणंद-भावजय एकमेकींच्या गळ्यात पडल्या. उत्तरकार्याला चार माणसांत राखून ठेवलेलं रडू आता त्यांना फुटलं.

पत्राला उत्तर द्यायचं होतं. आरोही म्हणाली, "मी लिहिते." मनीषानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. 'खातेदार कॅमेऱ्यासमोर येऊ शकतील का?' या प्रश्नाखाली दोन चौकटी होत्या. मृत्यूचा दाखला काढायला महापालिकेच्या खिडकीशी चुलत दीर गेला होता, बँकेत आरोही. हे तिला स्वतःच्या बोटानं पहिल्यांदाच सांगायचं होतं. तिनं 'नाही' वर बोट टेकवलं. खाली लिहिलं, 'माझे पती वारले. त्यांच्या जागी मी काम करत होते. चूक माझी आहे. डोरीनबाईंना तेवढं कळवा.'

उत्तर दोन दिवसांनी आलं. दुःखात सहभागी आहोत. दोन्ही अकाउंट कायमची बंद. शिल्लक रकमेसाठी वारसाची कागदपत्रं पाठवावीत. अन्य सदस्याला निरोप पोचवता येत नाही.

"शोधू की आपण त्यांना," आरोही म्हणाली. पण साइटवर नाव होतं नुसतं 'डोरीन एम.' आणि फोटोच्या जागी मेंढरू. ना गाव माहीत, ना दुकानाची पाटी. पत्ता-फोन देणं-घेणं साइटला मंजूर नव्हतं, आणि शेखर नेमानं वागणारा माणूस. त्या नावाच्या बायका तिकडे जागोजाग होत्या. दोघींनी शोधलं आणि सोडून दिलं.

कुसाबाईनं संध्याकाळी विचारलं, "मंग त्या गोऱ्या बाईला कळायचंच नाय का आता?"

"नाही आई."

"तिला काय वाटंल?"

"वाटेल, शेखर बोलेनासा झाला. तऱ्हेवाईक निघाला."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "लय गुणाचा होता गं. तिला वाईट नको वाटायला."

आता घराला हात-पाय हलवणं भाग होतं. मनीषा निवृत्तीच्या सिडकोतल्या कारखान्यात गेली. त्यानं एका शाळेच्या बॅजची मांडणी करायला दिली, 'बघू' म्हणाला, आणि पहिलाच बॅज मशीनवर पाहून पुढच्या दोन शाळा दिल्या. दुसऱ्या एका साइटवर तिनं नव्यानं पान उघडलं; तिच्या एकटीचं खातं, तिचं ओळखपत्र, चेहरा कॅमेऱ्यापुढे. पानावर एकही तारा नाही. इतक्या वर्षांचं काम आणि ती तिथं कालची पोर. तयार मांडण्यांच्या साइटवर शेवंती, मोगरा, कोथिंबिरीची जुडी असं काहीबाही ठेवलं. कुठं एक विकली जायची, कुठं आठवडा कोरडा. पूर्वी डोरीनबाई एकट्या जेवढं द्यायच्या, त्याच्या जवळपासही हे तीन मिळून जात नव्हते. पण एका आठवड्यात निवृत्तीचं मशीन बिघडून त्याचं काम थांबलं तेव्हा बाकी दोहोंवर घराचा किराणा आला. मनीषानं ते पाहिलं, मनाशी मान हलवली, आणि आनंद काही झाला नाही. हे तिला चैत्रातच करता आलं असतं. ज्याला जिवंत ठेवायला ती थांबली होती, त्याचं पानसुद्धा तिच्याच हातानं गेलं होतं.

माघ लागला. नव्या साइटवरून पहिलं मोठं काम आलं, बंगळुरूच्या एका बाईंचं, आईच्या जुन्या साडीवरची कोयरी. कापड विरलेलं, टाका जड झाला तर फाटेल. मनीषानं टाके विरळ केले, आधार पसरून घातला, दिशा बदलली, पुन्हा बदलली. फाइल पाठवली.

दुपारी उत्तर आलं. 'मनीषा, सुंदर. साडीला कुठंही ओढ बसली नाही. असं काम मी पाहिलं नव्हतं.' खाली पाच तारे.

मनीषा. तिच्या कामाखाली तिचं नाव याआधी कुणी लिहिलंच नव्हतं.

"अहो, बघितलंत का?" ती म्हणाली, आणि शेजारी मान वळवली.

खोलीत ऊन होतं. दारातून ओट्यावर बसलेली कुसाबाई दिसत होती, हातातली वेणी थांबलेली. तिनं ऐकलं होतं. सुनेकडे न बघता तिनं सरकून जागा केली.

"ये हिकडं," ती म्हणाली. "ह्ये टोक धर जरा. एकटीनं गाठ बसत नाय."

मनीषा उठून तिच्याशेजारी बसली आणि दोऱ्याचं टोक धरलं.