शेवटचा ऑटोपे

सासूबाईंच्या खात्यातून दर महिन्याला पैसे गळत होते, म्हणून सून त्यांचा फोन घेऊन बसली. पेमेंट ॲपच्या ऑटोपेमध्ये योगाच्या वर्गाचं आणि गाण्यांचं ॲप अजून चालूच होतं.

"अगं, ती दोन्ही ॲपं मी कधीच काढून टाकली!"

"आई, ॲप काढलं तरी पैसे कापायची परवानगी तशीच राहते. ती इथे येऊन रद्द करावी लागते. टाका पिन."

दोन्ही रद्द झाले. तिसरं नाव वाचताच सुनेच्या पायाखालची जमीन सरकली. लग्न जुळवणारी साइट! आणि परवानगी यंदाचीच. या बाईला एकुलता एक मुलगा, आणि तो तर आपला नवरा! म्हणजे आपल्या जागी दुसरी शोधतायत?

"आई, हे कुणासाठी?" तिने फोन त्यांच्या नाकासमोर नाचवला. "माझ्यात काय कमी आहे?"

"तुझा काय संबंध?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुझे सासरे गेल्यापासून घर खायला उठतं गं मला."

सुनेने फोन हळूच खाली घेतला. अडखळत म्हणाली, "मग... हा राहू दे?"

"छे, रद्द कर." सासूबाईंनी झटक्यात पिन टाकला. "आता कशाला हवाय? रविवारी जेवायला येतायत ते."