दुकानाचं उत्तर

टीव्ही आणणारा माणूस खोक्याची पट्टी कापणार, तोच थोरलीने त्याचा हात अडवला.

"थांबा दादा! दुकानाचं उत्तर येऊ दे."

"सील फोडलं की परत नेता येत नाही, मॅडम. आणि मला अजून चार घरं करायचीयत."

धाकट्याचा पारा चढला. जुना टीव्ही बंद पडल्यावर नवा त्यानेच परस्पर मागवला होता. "ताई, टीव्ही तो टीव्ही. कसला ईमेल नि कसलं काय!"

थोरलीने मात्र काल दुकानाला सविस्तर लिहिलं होतं: 'आमचा साउंडबार जुना आहे. त्याला फक्त ऑप्टिकल वायर लागते; एचडीएमआय नाही, ब्लूटूथ नाही. या टीव्हीला ती जोडता येईल का? सेट-टॉप बॉक्सचा मॉडेल नंबर खाली दिला आहे. वडिलांना साउंडबारशिवाय टीव्हीवरचं बोलणं समजत नाही.'

बाबा खुर्चीत टेकून दोघांच्या तोंडांकडे बघत होते. आई गेल्यापासून त्या बातम्या आणि ते सामने, एवढाच त्यांचा विरंगुळा. ऐकू येईनासं झालं की ते उठून आत जात आणि भिंतीकडे तोंड करून पडत. थोरलीने धसका घेतला होता तो त्याचाच.

थोरलीचा फोन टिंग वाजला; दुकानाचा ईमेल आला होता. तिने उत्तर मोठ्याने वाचलं. 'या टीव्हीला ऑप्टिकल वायर लावायची जागा नाही. तुमचा साउंडबार त्याला थेट जोडता येणार नाही.'

धाकट्याचा चेहरा पडला. आणणाऱ्याने खोकं उचलायला हात घातला.

"पुढे आहे अजून," थोरली म्हणाली. 'तुमच्या मॉडेलच्या काही बॉक्सना मागे ऑप्टिकल असतं. असेल तर वायर बॉक्समधून सरळ साउंडबारला लावा. चित्र एचडीएमआयने टीव्हीवर जाईल. मात्र टीव्हीतल्या ॲप्सचा आवाज साउंडबारवर येणार नाही. खोकं उघडण्याआधी तपासा.'

धाकटा पालथा पडून सेट-टॉप बॉक्स ठेवलेल्या कपाटामागे शिरला. "धूळच धूळ... चौकोनी झाकण आहे एक. आत लाल उजेड दिसतोय, तेच ऑप्टिकल!"

साउंडबारला लटकलेली, जुन्या टीव्हीची ऑप्टिकल वायर त्याने तिथे खुपसली. साउंडबार चालूच होता. थोरलीने रिमोटने चॅनेल बदललं. चिडीचूप.

"मॅडम, मी निघतो आता."

"एकच मिनिट! अरे, नीट दाब ना!"

"दाबतोय गं!" टक् झालं, आणि टीव्हीचा पत्ता नसलेल्या त्या खोलीत बातमी देणाऱ्या बाईचा खणखणीत आवाज घुमला.

बाबा दचकून सरळ बसले. कान देऊन त्यांनी अख्खी बातमी ऐकली.

"कुठला पूल पडला म्हणाली ती?" ते म्हणाले. "आणि जरा कमी करा रे, कानठळ्या बसतील."

धाकट्याने कपाटामागूनच हात बाहेर काढला. "कापा दादा पट्टी. ताई, ॲप्सचं मी बघतो नंतर. आधी मला ओढून बाहेर काढ."