एकाच बाटलीची तीन रीडिंग्ज

धाकटीच्या प्रबंधावरचा बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल मंगळवारी आला आणि आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तो तिच्या पाठोपाठ मलाच वाचायला दिला. आमच्या प्रयोगशाळेचा तसा नियम आहे. अहवालाला उत्तर जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी त्यातला प्रत्येक मुद्दा मूळ वह्यांशी ताडून बघायचा आणि खाली ‘तपासले’ लिहून सही करायची. दुसरं कुणीतरी म्हणजे सहसा मीच, कारण माझ्याइतकं जुनं तिथे फक्त रसायनांचा धूर ओढणारं कपाट, फ्यूमहूड, आहे.

मी तिच्या दोन वर्षं आधी आले. ती आली तेव्हा प्रयोगशाळेतल्या मामांनी आम्हाला थोरली आणि धाकटी अशी नावं दिली आणि तीच चिकटली. तिला पिपेट धरायला मी शिकवलं. आता तिचा प्रबंध परीक्षकांकडून परतही आला होता आणि माझं तिसरं प्रकरण अजून अर्धंच होतं. ‘‘थोरली रांगेतच, आणि धाकटीचं तिकीट निघालंसुद्धा,’’ मामा काचसामान पुसता पुसता म्हणाले. मी हसले. हसावं लागतं.

अहवाल चार पानी होता. पहिल्या भागात प्रबंधाचं योगदान, मग उणिवा, मग आवश्यक दुरुस्त्या, शेवटी शिफारस. मी योगदानापासूनच सुरुवात केली, आणि तिथेच अडकले.

आमचा विषय एक भुकटी. कार्बनचे अतिसूक्ष्म कण. अतिनील दिव्याखाली ती निळी चमकते आणि विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक असेल तर चमक मंदावते. किती मंदावली, त्यावरून आर्सेनिक मोजायचं. परीक्षकांनी लिहिलं होतं की भुकटी छत्तीस तास पाण्यात ठेवून धुण्याची पायरी हे उमेदवाराचं सर्वांत मौलिक योगदान आहे. त्यामुळे आधीच्या संशोधकांना जमली नव्हती ती स्थिरता आली.

छत्तीस तास. ती कल्पना माझी होती. चहाच्या टेबलाशी मीच म्हटलं होतं, बारा तासांनी काय होणार, छत्तीस करून बघ. प्रबंधात मात्र ‘असे आढळून आले’ एवढंच होतं, आणि ऋणनिर्देशात माझं नाव शीतपेटीच्या दुरुस्तीवाल्यांनंतर.

मी पुढची पानं वाचली, पण जरा वेगळ्या नजरेनं. नऊ दुरुस्त्या. आठ किरकोळ: एका आलेखाच्या अक्षावर एकक नाही, दोन संदर्भ दोनदा आलेत, सदतिसाव्या पानावर दशांशचिन्ह चुकलंय. चौथी मात्र तशी नव्हती. ती मला जवळजवळ पाठ झाली:

‘पृष्ठ ८८ वरील आलेखात प्रत्येक बिंदू तीन मापनांची सरासरी आहे असे म्हटले आहे. वर्णनावरून ही तिन्ही मापने एकाच बॅचच्या एकाच द्रावणाची दिसतात. त्यातून यंत्र किती स्थिर आहे ते कळते, पद्धत किती भरवशाची आहे ते कळत नाही. किमान तीन स्वतंत्र बॅचेसची मापने द्यावीत. अन्यथा लिटरमागे ०.८ मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक ओळखता येते हा दावा व त्यावरील निष्कर्ष मागे घ्यावेत. दुरुस्ती मी स्वतः पाहीन.’

तीनदा मोजलं होतं खरं, पण बाटली एकच. घाईत असलेली माणसं हे करतात. एकच बाटली तीनदा यंत्रात घातली की आकडे हमखास जुळतात आणि आलेख देखणा दिसतो. मी ते दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. तेव्हा बोलले का नव्हते, हे मला आता नीट आठवत नाही. की आठवतं, कोण जाणे.

धाकटीला पाच आठवड्यांनी पाण्याच्या तपासणी संस्थेत रुजू व्हायचं होतं आणि त्यासाठी तोंडी परीक्षा पार पडायला हवी होती. नव्या बॅचेस करून मोजायच्या तर चमक मोजणाऱ्या यंत्राचा दिवा महिन्यापूर्वीच गेला होता आणि नवा यायला दोन महिने होते. दावा मागे घेतला तर चौथं प्रकरण जवळजवळ पुन्हा लिहायचं. दोन्ही वाटांनी नोकरी हातची जाणार होती.

मॅडमनी आम्हा दोघींना बसवून हे सगळं शांतपणे सांगितलं. धाकटी बाहेर आली आणि थेट माझ्या टेबलाशी उभी राहिली.

‘‘ताई, तू तुझ्या प्रबंधासाठी गाळणीच्या पडद्यावर लावायला दर वेळी नवी भुकटी करायचीस ना? पडद्यावर लावण्याआधीच्या साध्या भुकटीची रीडिंग्ज असतील तुझ्याकडे?’’

‘‘बघते,’’ मी म्हटलं.

बघायला बसले ते वेगळंच. मला आधी छत्तीस तासांचा पुरावा हवा होता. मी सगळं लिहून ठेवते: तारीख, तापमान, कोण काय म्हणालं. लोक त्याची टिंगल करतात. मनात मी मॅडमच्या टेबलावर ती वही उघडी ठेवत होते, बोट त्या ओळीवर. तिसऱ्या वहीत ते पान सापडलं. माझंच अक्षर, माझीच निळी शाई: ‘बारा तास धुऊनही पाणी पिवळट. धाकटी म्हणते छत्तीस करू. मला वाटतं वेळेचा अपव्यय.’

मी ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच निघालं.

स्वतःच्या आठवणीवर मी कधी विश्वास ठेवत नाही, वहीवर ठेवते. आणि वही म्हणत होती की माझी तक्रार खोटी आहे. वाटलं होतं, राग तरी ओसरेल. तो ओसरला, पण खाली जे होतं ते तसंच राहिलं, आता त्याला कारणही उरलं नव्हतं. तिचं झालं होतं आणि माझं झालं नव्हतं, एवढंच.

मग मी बॅचेस शोधल्या. चार निघाल्या. कृती तिचीच, यंत्रही तेच, दिवा जाण्याआधीची मापनं, प्रत्येक बॅच वेगळ्या महिन्यातली. तीन तिच्या आलेखाशी छान जुळत होत्या. चौथीचा उतार निम्माच होता: आर्सेनिक तेवढंच, पण चमक इतर तिघींच्या निम्मीच मंदावलेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला ती चौथी, तेवढी एकच दिली.

‘‘एकच आहे?’’ तिनं विचारलं.

‘‘नीट नोंदलेली एक,’’ मी म्हटलं. माझ्या सगळ्याच नोंदी नीट असतात. हे तिला माहीत होतं, पण तिचं लक्ष आकड्यांकडे होतं. ती उभ्या उभ्याच आकडे आलेखावर लावू लागली आणि मध्येच थांबली. मग खुर्ची ओढून बसली. मी माझ्या टेबलाशी जाऊन स्वच्छ असलेल्या कुपी पुन्हा धुतल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. अगदी जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

सोमवारी तिनं उत्तराचा मसुदा आणून दिला. तक्त्यात नऊ मुद्दे. डावीकडे परीक्षकांचं म्हणणं, उजवीकडे उत्तर आणि बदललेल्या पानाचा क्रमांक. आठ मुद्दे मी वह्यांशी ताडले, सगळे बरोबर होते. चौथ्यासमोर तिनं लिहिलं होतं: ‘परीक्षकांचे म्हणणे मान्य. उपलब्ध असलेली एकमेव स्वतंत्र बॅच मूळ मापनांशी जुळत नाही. दावा मागे घेत आहे.’

एकही शब्द तिनं स्वतःच्या बाजूनं वळवला नव्हता. माझी बॅच बाजूला सारून ‘डेटा उपलब्ध नाही’ असंही ती लिहू शकली असती. तिच्या जागी मी तसं केलं नसतं, अशी खात्री मला देता येईना.

खाली ‘तपासले’ आणि माझ्या सहीची जागा.

‘एकमेव’ हा शब्द मूळ वहीशी ताडायचा होता आणि वही माझ्या खणात होती. पेन उघडून मी बराच वेळ बसले. आजवर त्या रेघेवर सतरा सह्या केल्यात मी, सगळ्या खऱ्या. शेवटी खण उघडला आणि वही घेऊन तिच्याकडे गेले.

‘‘अजून तीन आहेत,’’ मी म्हटलं. ‘‘जुळणाऱ्या.’’

तिनं पानं उलटली, तारखा पाहिल्या. ‘‘आत्ता सापडल्या?’’

‘‘नाही. त्या दिवशीच.’’

मामा सिंकपाशी होते. त्यांनी नळ बंद केला आणि बादली उचलून बाहेर गेले.

धाकटी वहीतच बघत होती. ‘‘मी घरी सांगून टाकलं, ताई. बाबांना सांगितलं की नोकरी गेली.’’

माफ कर म्हणावंसं वाटलं, पण ते मला शोभलं नसतं. तिनंही वाट पाहिली नाही. पेन्सिल घेतली आणि आकडे उतरवायला लागली. जरा वेळानं मान वर न करता म्हणाली, ‘‘वाईट बॅच सोडली तर चारही छान बसतात. माझी एक, तुझ्या तीन.’’

‘‘कारण दे, मग सोड.’’

‘‘तूच शोध कारण. तुझीच आहे ना.’’

ते बोलणं झोंबलं, आणि झोंबावं म्हणूनच होतं. आम्ही दोघी मिळून वही पुन्हा वाचली: पाण्याचा स्रोत, भट्टीचं तापमान, रसायनाची बाटली. काहीच वेगळं नव्हतं. कारण नसताना न आवडलेला आकडा टाकता येत नाही. हेही तिला मीच कधीतरी शिकवलं होतं. पाचही बॅचेस तक्त्यात गेल्या. ०.८ चा दावा गेला आणि त्या जागी, वाईटात वाईट बॅच आणि बॅचेसमधला फरक धरून, ४.१ आला. पिण्याच्या पाण्याची मर्यादा दहा आहे, म्हणजे पद्धत कामाची होतीच. सोबत एक इशारा: प्रत्येक नव्या बॅचला नवं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणांवरून मोजपट्टी पुन्हा आखायची. तक्त्याखाली बॅच दोन ते पाच कुणी केल्या ते तिनं लिहिलं. माझं नाव, पूर्ण.

मॅडमना सगळं मीच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘तुझ्या प्रबंधाचं उत्तर जाईल तेव्हा तपासायला मी दुसरं कुणीतरी बघेन. ह्यापुढे तूही कुणाचं तपासू नकोस,’’ म्हणाल्या. धाकटीच्या मसुद्याखाली त्यांनी स्वतःच सही केली.

परीक्षकांचं उत्तर बारा दिवसांत आलं. दुरुस्त्या समाधानकारक, तोंडी परीक्षा घेण्यास हरकत नाही. पुढे एकच वाक्य जास्तीचं होतं: ही पद्धत प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या दृष्टीनं पाच बॅचेसचा तक्ता हे प्रबंधातलं सर्वांत उपयोगी पान आहे, इतका प्रामाणिक तक्ता उमेदवारांकडून क्वचित मिळतो.

धाकटीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, मीही केलं. तिनं माझा हात धरला, पण ‘ताई’ म्हणाली नाही; त्या सोमवारपासून म्हणतच नाही.

तक्त्यातल्या पाचांतले चार आकडे माझे आहेत. तरी ते वाक्य ऐकताना मला तिचा हेवा वाटला, अगदी पहिल्या दिवशीइतका.