मेल खरा आहे का, एवढंच विचारलं

आमचे हे नम्रपणाचे पुतळे. फोन उचलून दोन शब्द विचारायचे, तर नाही. ह्या साहेबांना मेलच लिहायचा होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हेडक्लार्कपण काही अंगातून जात नाही.

लेक परदेशात, पहिलं बाळंतपण. तिच्याजवळ मी जायचं म्हणून ट्रॅव्हल एजन्सीने व्हिसाच्या साइटवर माझं खातं उघडून मुलाखतीची वेळ घेऊन दिली होती, पुढच्या गुरुवारची; खात्याचा पासवर्ड ह्यांनी वहीत लिहून ठेवला होता. सकाळी मेल आला : तुमची वेळ अलीकडे, सोमवारी केली आहे, पक्की करण्यासाठी कळवा. खाली एजन्सीचं नाव.

"अहो, एजन्सीला फोन करा," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? लेखी विचारलं की लेखी उत्तर मिळतं." आणि कॉम्प्युटरवर टाइप करत बसले. 'महोदय, सोबतचा मेल आपणच पाठवला आहे, याची कृपया खात्री करून द्यावी. तसदीबद्दल क्षमस्व.'

दोन मिनिटांत उत्तर! 'होय, मेल आमचाच. खात्यात शिरायचा पासवर्ड पाठवावा.'

"बघ, किती सभ्य माणसं!" हे म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या एजन्सीतला पोरगा समोर उभं राहिलं तरी मान वर करत नाही, तो दोन मिनिटांत उत्तर देतो? "काही पाठवू नका," असं बजावून मी तडक निघाले.

घरचे मेल माझ्या मोबाइलवरही दिसतात; एजन्सीत त्या पोराने तो हातात घेऊन मेल पाहिला आणि भडकलाच. "काकू, हा पत्ता आमचा नाहीच! वेळेचे मेल आमच्याकडे येतात, तुमच्याकडे येतच नाहीत. खात्री कोणाकडे मागितली काकांनी?"

"ज्याने मेल पाठवला, त्याच्याकडेच," मी म्हटलं. त्याच मेलला रिप्लाय दाबला होता ना ह्यांनी.

त्याने कॉम्प्युटर उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांच्या इनबॉक्समध्ये नुकताच मेल आला होता : गुरुवारची वेळ रद्द. पासवर्डही बदललेला.

"तुमची वेळ रद्द करून ती जागा दुसऱ्याला विकतात हे लोक. पासवर्ड दिला असणार काकांनी. आता तक्रार करू, पण नवी वेळ तीन महिन्यांनंतरचीच दिसतेय."

तीन महिने! लेकीला तर डॉक्टरांनी ह्याच महिन्याअखेरची तारीख दिली होती.

घरी आले तर हे सोफ्यावर. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "तू उशीर करत होतीस, म्हणून पाठवला." वर माझ्यावरच!

"रद्द झाली वेळ, तुमच्या सभ्य माणसांनी केली!" मी ओरडले. आयुष्यात ह्यांच्यावर एवढी ओरडले नव्हते.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. ह्यांनी उचलला. "बाबा, झालं ना पक्कं?" तिने विचारलं. अवघडलेली, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"हो हो, झालं," हे म्हणाले.

मी फोन हिसकावून घेतला. "नाही गं बाळा. मी येत नाहीये."