उरलेली एक संधी

ही एकोणीसशे एक्क्याण्णव सालची गोष्ट. फोन तेव्हा घरातल्या एका कोपऱ्यात बसलेला असे आणि माणसं उठून त्याच्याकडे जात. परीक्षेचे निकाल वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येत आणि ज्याचं नाव नसे तोही तीनतीनदा बोट फिरवून बघे. त्या वर्षी घरातल्या धाकटीला एकोणतिसावं सरून तिसावं लागणार होतं. वरच्या सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेला वयाची अट तिसाची होती आणि संधी चार. वय आणि संधी, दोन्ही बाजूंनी भिंती. त्यांच्यामधल्या बोळात ती गेली काही वर्षं इकडून तिकडे फिरत होती.

दिवसा ती दातांच्या कारखान्यात काम करायची. लोक हसत, पण ते खरंच होतं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत. कारखान्यात त्यावरून प्लास्टरचे साचे काढत, मेणाचे दात घडवत, घासून पॉलिश करून परत पाठवत. तीन टेबलं, उत्तरेकडची एक मोठी खिडकी, आणि सगळ्यांच्या केसांवर कायम पांढरी पूड. घरी आली की वहिनी म्हणायची, "आल्या आमच्या वन्सं, पिठाच्या गिरणीतून!"

हे काम तिने परीक्षेच्या जोडीला म्हणून धरलं होतं. "तात्पुरतं" हा शब्द ती सहा वर्षं वापरत होती. पण हात शिकला होता. समोरचे दोन दात असे बसवायची की नवरा-बायकोतही कुणाला पत्ता लागत नसे.

संध्याकाळी वाचनालय. तिथल्या लांब टेबलाच्या टोकाला एक जण बसायचा, त्याला सगळे 'साहेब' म्हणत. तो कसलाही साहेब नव्हता. कॉलेज सुटल्यापासून नुसता अभ्यास करत होता, नोकरी एक दिवस केली नव्हती, पण होणार हे धरून लोकांनी पदवी आगाऊच दिली होती. सुरुवातीला त्यात कौतुक होतं, पुढेपुढे चिमटा आला. साहेबाने दोन्ही सारख्याच शांतपणे घेतलं.

"तुझं काय आहे ना," तो तिला म्हणायचा, "एक पाय या होडीत, एक त्या होडीत. मधे नदी आहे, बाई."

"आणि तुमचे दोन्ही पाय एकाच होडीत, पण ती अजून काठाला बांधलेली," ती म्हणायची.

त्या वसंतात कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला खिडकीशी बोलावलं. मालकीणबाई विधवा होत्या, तोंडाने फटकळ, पण पगार कधी लांबवला नाही.

"चिनी मातीच्या दातांची भट्टी घेतेय," त्या म्हणाल्या. "भट्टीवाले एका माणसाला त्यांच्या गावी सहा महिने शिकवणार. एकालाच. शिकून येईल तो माझा भागीदार. मला तू हवीस. नाहीतर माझा पुतण्या आहे, उंडारतोय. जून उजाडायच्या आत सांग. जूनच्या मध्याला वर्ग सुरू."

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षेची पहिली पायरी असे. ती पार झाली तर हिवाळ्याच्या तोंडावर मोठे लेखी पेपर, त्यातूनही निभावलं तर तोंडी. म्हणजे ऐन लेखीच्या वेळी ती दूरच्या गावी भट्टीपुढे उभी असणार. पण धाकटीने मनात हिशोब बसवला आणि ती खूश झाली. दोन संधी उरल्यात. ही पहिली पायरी नुसती अंगवळणी पडावी म्हणून द्यायची, वर्ग पुरा करायचा, आणि पुढच्या वर्षी, वयाच्या शेवटच्या वर्षी, बिनपगारी रजा घेऊन जीव ओतायचा. सापही मरेल, काठीही मोडणार नाही.

वाचनालयात साहेबाला हे सांगितलं तेव्हा तो परीक्षेच्या जाहिरातीचं कात्रण चाळत होता.

"दोन कशा?" त्याने विचारलं. "तू तीनदा बसलीस."

"तिसऱ्यांदा कुठे? सकाळचा पेपर बिघडला, मी दुपारच्या पेपराला गेलेच नाही. तडक घरी. ती धरायची नाही."

साहेबाने कात्रण तिच्याकडे सरकवलं आणि नखाने एक ओळ दाखवली. पहिल्या पायरीच्या कोणत्याही एका पेपराला उमेदवार बसला की ती संधी वापरली असं समजण्यात येईल. खालची ओळ त्याने स्वतःच वाचली, हळू आवाजात. अर्ज भरला पण परीक्षेला गेलाच नाही, तर संधी वापरली जात नाही.

"म्हणजे मी अर्ध्यातून उठले..."

"उठलीस ते तुझ्या समाधानासाठी. त्यांनी तुला बसलेलीच धरली."

ही चूक परीक्षा देणाऱ्यांतच होते. कच्च्या तयारीने जायचं, पेपर अवघड दिसला की उठायचं, आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगायचं, आपण मोजलोच गेलो नाही. तिला ते सांगणारे तिघे-चौघे तरी होते. नियम मात्र कुणी उघडून पाहिला नव्हता. अख्खी राज्यघटना पाठ करणाऱ्या त्या टेबलावर स्वतःच्या परीक्षेचं पत्रक वाचलेला एकटा साहेब.

आता एकच उरली होती.

घरी सांगितलं तर आईने तिथेच पदर खोचला. "मग याच वर्षी दे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. पुढच्या वर्षी आजारी पडलीस तर? त्यांनी नियम बदलले तर?"

"तयारी नाहीये, आई. मी या वर्षी मनापासून वाचलंच नाही."

"देवाच्या मनात असलं तर..."

"देव पेपर सोडवत नाही," दादा म्हणाला. तो बँकेत होता आणि सगळ्याचं व्याज काढायचा. "तू आधी हे ठरव, सहा महिने शिकून भागीदारी मिळते ती सोडायची किंमत किती. आणि नाही सोडली तर त्याची किती."

"तिची किंमत काढायला ती काय मुदत ठेव आहे?" वहिनी म्हणाली. "वन्सं, तुम्हाला काय हवंय ते सांगा."

तेच तर सांगता येत नव्हतं. साचे ओतताना तिला पुस्तक आठवे, पुस्तक उघडलं की बोटांना मेणाचा वास येई. एकदा तिने एका म्हातारबांचा उजवा सुळा डावीकडे बसवला. साचा समोर धरला की पेशंटचं उजवं आपल्या डावीकडे येतं, हे शिकाऊ पोरही विसरत नाही. मालकीणबाईंनी तो दात तिच्यासमोर ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मे संपता संपता तिने भट्टीला होकार दिला. परीक्षेला न जाता संधी पुढच्या वर्षावर टाकायची. ठरलं. तरी पहिल्या पायरीच्या सकाळी तिला घरात बसवेना. प्रवेशपत्र आलेलंच होतं. साहेबाला पोचवायला म्हणून निघाली आणि ते पर्समध्ये घातलं. का घातलं हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

केंद्र म्हणजे एक शाळा. फाटकाबाहेर पेन्सिली तासणारे, ओठ हलवत पाठ म्हणणारे, बापाच्या वयाचे दिसणारे उमेदवार. साहेबाचीही ती शेवटचीच संधी होती. त्याचा सदरा इस्त्रीचा होता.

"आण तुझं प्रवेशपत्र," तो एकदम म्हणाला.

"कशाला?"

"पर्स छातीशी धरून उभी आहेस, त्यावरून कळतंय. चल आत. नुसता पेपर बघ. सोपा असला तर?"

"आणि अवघड असला तर उठू?" ती म्हणाली. "ते करून झालंय माझं."

"मी एकटा आहे ग आत," साहेब म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच असं काही म्हटलं होतं. आत बसायला एक पाऊल पुरे होतं. बाकावर नंबर तिचाच होता, कोरी जागा तिचीच वाट बघत होती, आणि पुढचं वर्ष म्हणजे काय, तर नुसती एक समजूत.

घंटा झाली. शिपायाने फाटकाची एक फळी लोटली.

"बाई, येताय की नाही?" त्याने विचारलं.

तिने साहेबाच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं. "जा. मी इथेच आहे."

फाटक लागलं. मग मात्र तिचे पाय जागेवर राहीनात. शाळेच्या भिंतीला धरून ती फेऱ्या मारत राहिली. एका फेरीत ती स्वतःला शहाणी वाटायची, पुढच्या फेरीत भेकड. आतून पंख्यांचा आवाज येत होता, बाकी चिडीचूप. खिडकीतून एक मुलगी डोकं खाजवताना दिसली आणि धाकटीला तिचा हेवा वाटला. नापास होणार असली तरी ती आत होती.

दुपारी साहेब बाहेर आला तो डबा उघडायच्या आधीच बोलला. "सोपा होता."

"किती सोपा?"

"तुला जमला असता." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "सांगायला नको होतं."

"सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली, आणि त्या घासाला चव लागली नाही.

आठवड्याने ती भट्टीच्या गावी गेली. चिनी मातीचा दात भाजला की आक्रसतो, म्हणून तो मुळात मोठा घडवावा लागतो. कितीने मोठा, ते हाताला कळायला तिला सहा महिने लागले. त्याच महिन्यांत वर्तमानपत्रात बोट फिरवताना साहेबाचा नंबर सापडला, आणि पुढे तोंडीनंतरही सापडला. अगदी तळाशी, पण यादीत.

पुढच्या वर्षी ती बसली. या वेळी दोन्ही पेपरांना बसली, वयाला थोडे आठवडे उरलेले असताना. पहिली पायरी पार केली, लेखीही केली. तोंडी परीक्षेत तिला कुणीतरी विचारलं, दात करणारी बाई राज्य कसं चालवणार? तिने सांगितलं ते पुढे बसलेल्यांना आवडलंही, ते हसले. पण शेवटच्या यादीत नाव नव्हतं. संधी संपली, वय संपलं, आणि सोमवारी ती खिडकीशी बसून ब्रश ओला करत होती.

मालकीणबाईंनी शब्द पाळला. त्या गेल्यावर कारखाना तिच्याकडे आला. पुतण्या दुचाकीवरून डॉक्टरांकडे दात पोचवायचं काम करू लागला आणि त्यातच रमला, त्याला बसून काम कधी जमलंच नाही. दादा बँकेतून निवृत्त झाला, वहिनीने कारखान्याचा हिशोब अंगावर घेतला आणि नवऱ्याला त्यात बोट घालू दिलं नाही. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, "त्या दिवशी आत गेली असतीस तर..." धाकटी ते खोडून काढत नसे. खरं असू शकलं असतं, म्हणून.

साहेब खरोखरीचा साहेब झाला, लांबलांबच्या गावी बदल्या होत राहिल्या. निवृत्तीनंतर समोरचा एक दात पडला तेव्हा डॉक्टरांनी त्याला रंग जुळवायला तिच्याकडे पाठवलं. तिने त्याला खिडकीसमोर बसवलं, दातांच्या रंगांच्या नमुन्यांचा पंखा उघडला, एकेक दात ओठाशी धरून पाहू लागली.

"तुला एक विचारायचं राहिलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी फाटकाशी..."

"तोंड उघडं ठेवा, पण बोलू नका, साहेब," ती म्हणाली. "उशीर झाला की दात कोरडे पडतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात."

त्याने दातांवरून जीभ फिरवली. तिला रंग पहिल्याच वेळी सापडला.