पाच नंबरचं तेल

रंगरावांनी गेटवरची वॉचमनची खुर्ची मागितली, तेव्हा कारखान्याच्या गाड्या बघणाऱ्या ज्योतीराम मिस्त्रीला वाटलं, गडी चेष्टा करतोय. चिंचवडच्या कारखान्याची स्टाफ बस इतकी वर्षं चालवणारा माणूस खुर्चीत मावायचा कसा?

"हात गेले माझे," रंगराव म्हणाले. "गेर वाजतोय. सत्तर माणसांच्या कंपनीत चाळीस माझ्या भरवशावर बसत्यात. एखाद्या दिवशी उतारावर गेर पडला न्हाई, मंग?"

रंगराव ड्रायव्हर होते, म्हणजे फक्त ड्रायव्हरच होते. दुसरं काही व्हायला त्यांना कधी सवडच झाली नव्हती. घरी बायकोला, कुसुमताईंना, अजून सांगितलं नव्हतं.

"गाडीत बसणारं कुणी तक्रार करत नाही," ज्योतीराम म्हणाला. "आण किल्ली."

त्यानं बस स्वतः शेडबाहेर काढली. रंगराव शेजारी बसले. दुसऱ्यातून तिसरा टाकताना गिअरबॉक्समधून असा खर्रकन आवाज आला, की रस्त्याकडेच्या टपरीवरचे लोक वळून बघू लागले. परत दुसऱ्यात आणताना त्याहून मोठा. ज्योतीरामनं बस कडेला घेतली.

"आता माझेपण हात गेले म्हणायचे काय? आणि तुम्ही चालवता तेव्हा आवाज कसा येत नाही?"

रंगराव ओशाळले. "मी दोनदा क्लच मारतो. जुन्या ट्रकवानी. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, सोडायचा, परत दाबायचा, मंग गेर. सायबलोकांना कळू नये म्हणून."

कर्म! आवाज लपवण्यात रंगरावांनी असं कसब पणाला लावलं होतं, की बिघाडाला कुणी हातच लावला नव्हता.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर लागलं वाजायला. हळूहळू."

ज्योतीराम मनात हिशोब करू लागला. दिवाळीतच त्यानं बसचं तेल बदललं होतं. एरवी गिअरबॉक्सला चार नंबरच्या वर्गाचं आणि मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या डिफरन्शियलला पाच नंबरचं, अशी दोन पिपं शेडमध्ये असायची. या वेळी त्यानं ठरवलं, लाडक्या गाडीला सगळीकडे भारीतलंच द्यायचं. पाच चाराहून मोठा, ताकदीचा. मग हात आखडता का घ्यायचा?

गिअरबॉक्स खोलला तेव्हा निथळलेलं तेल उन्हात सोनेरी चमकलं. सुंदर दिसत होतं, आणि तेच वाईट होतं; ती चमक झिजलेल्या पितळेच्या भुकटीची होती. आतल्या पितळी कड्यांवरचे बारीक आटे झिजून गुळगुळीत झाले होते. एक कडी बोटावर फिरवत ज्योतीराम ती घेऊन थेट लॅबमध्ये मृदुला देशमुखांकडे गेला. तेलं तपासणं हे त्यांचंच काम होतं आणि रोज त्या याच बसनं काळेवाडीहून येत. रंगराव मागोमाग गेले. आपली खोड आता जगाला कळणार, याची लाज होतीच.

मृदुलाताईंनी दोन नव्या कड्या घासूनपुसून लख्ख केल्या, दोन भांड्यांत वेगवेगळी तेलं ओतून त्यात सोडल्या आणि दुपारभर शेगडीवर तापवत ठेवल्या. संध्याकाळी चार नंबरमधली पिवळीच निघाली, जराशी मळकट. पाच नंबरमधली काळी पडली होती.

"पाचमध्ये गंधक-फॉस्फरसचं औषध जवळजवळ दुप्पट असतं," त्या म्हणाल्या. "डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर फार जोरात घासतात, तिथं ते औषध पोलादावर थर धरून दात्यांना वाचवतं. गिअरबॉक्समध्ये मात्र तापलं की ते कड्यांच्या पितळेलाच धरतं. पितळ मऊ. थर निघताना पितळही सोबत घेऊन जातो. या कड्यांचं कामच गिअरला घासून त्याचा वेग जुळवायचा. आटे गेले की त्या पकडणार कशानं? आणि वेग जुळला नाही, की दाते आपटणार."

"म्हंजे हात..." रंगराव बोलता बोलता थांबले.

"हात शाबूत आहेत, रंगराव. उलट तुम्ही कड्यांचं काम हातानं करत होता."

ज्योतीराम खाली बघत म्हणाला, "चूक माझी. लाडानं खायला घातलं आणि पोट बिघडवलं."

"मी बोललो असतो तर तुला लवकर कळलं असतं," रंगराव म्हणाले.

नव्या कड्या बसल्या. गिअरबॉक्सला चार नंबरचं तेल पडलं, मागं पाचच राहिलं. तिथं ते हवंच होतं.

सोमवारी सकाळी बस भरली. मृदुलाताई पुढच्याच बाकावर होत्या. वळणावर रंगरावांनी दुसरा टाकायला क्लच दाबला आणि सवयीनं पाय वर यायला निघाला. त्यांनी तो तिथंच धरला. एका दाबात, दोन बोटांनी, दांडा आत गेला. आवाज नाही.

रंगरावांचे डोळे भरून आले. समोर रस्ता स्पष्ट दिसावा म्हणून त्यांनी ते बाहीनं पुसले.

गेटवर ज्योतीराम वाट बघत उभा होता. "काय मग, खुर्चीचं काय करू?"

"तूच बस," रंगराव म्हणाले, आणि पहिला गिअर टाकून बस आत घेतली.