रिकाम्या गावाची दवंडी

"ऐका हो, गाववाले, ऐका!" बापाचा तो आवाज पत्रूच्या कानात अजून घुमायचा. डफावर तीन थापा, मग आवाज, मग एकेक करून उघडणारी दारं. बाप गेला. डफ आता ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं, म्हणजे पत्रूकडंच होता.

गडचिरोलीत ललिता वकीलबाईंच्या खोलीत तो आणि त्याच्याच गावची, मोहफुलं विकणारी सोमारी बसले होते. समोर शपथपत्र होतं. आठवडी बाजारात मोहफुलं विकायची तर वनखात्याचा पास हवा, असा पोटनियम जिल्हा परिषदेनं केला, आणि सोमारीची टोपली बाजाराबाहेर गेली. पोटनियम रद्द करून घ्यायला ती नागपूरच्या खंडपीठात जात होती.

"आपले मुद्दे दोन," बाई म्हणाल्या. "कायद्यानं जिल्हा परिषदेला बाजाराची जागा, वेळ, सफाई ठरवायचा अधिकार दिलाय. मोहफुलाला पास मागायचा दिलेलाच नाही. हा पहिला."

"आन दुसरा?"

"अधिकार असला तरी रीत पाळावी लागते. आधी मसुद्याची गावात दवंडी, मग हरकतींना तीस दिवस. ते झालं नाही, म्हणूनही नियम रद्द."

"दोन्हीनं रद्दच होते, तं दोन कशाले, बाई?" सोमारी हसली. "एकाच कुऱ्हाडीनं लाकूड फुटते!"

"नाही फुटत. कोरपन्याकडं चराईचा पोटनियम रीत चुकली म्हणून पडला. सहा महिन्यांनी त्यांनी दवंडी दिली, हरकती ऐकल्या, आणि तोच नियम पुन्हा केला. पण अधिकारच नाही असं ठरलं, तर कायदा बदलल्याशिवाय तो नियम पुन्हा येत नाही."

पत्रूच्या डोक्यात दोन्ही मुद्दे मोहाच्या दोन फांद्यांसारखे एकमेकांत गुंतले. कुठली कुठं जाते, ते त्याला कळेना.

"मंग पयलाच धरा ना," तो कसाबसा म्हणाला.

"धरतेच. पण दुसरा सोपा आहे. तेवढ्यावरच कोर्ट नियम उडवून मोकळं होऊ शकतं. त्यासाठी तुमचा शब्द लागतो, पत्रूभाऊ. दवंडी झाली नाही, असं लिहिलंय. सही करा."

"घे ना पेन, भाऊ," सोमारी म्हणाली. "काऊन घाबरून राह्यला? कोर्ट काय वाघ आहे?"

त्यानं पेन घेतलं. टोक कागदाला लागलं आणि थांबलं. "तिकडं झेडपीच्या दप्तरात... दवंडी देल्ली म्हणून माझी सही निघाली तं?"

बाईंनी मान वर केली. "तर खोटी शपथ घेणाऱ्यांचं पहिल्या मुद्द्यावरही कोर्ट नीट ऐकणार नाही. का विचारता?"

सोमारी त्याच्याकडं बघत राहिली. पत्रूनं पेन खाली ठेवलं.

"दवंडी देल्ली होती, बाई. म्याच," तो म्हणाला. "मोहफुलाचे दिवस होते. सारं गाव पहाटेच जंगलात गेलं होतं. ग्रामसेवकानं सांगतलं, वाजव न् सही कर. म्या भर दुपारी रिकाम्या गावात वाजवली. एक दार नाई उघडलं. सोमारी, तू बी जंगलातच होती... मले ठाऊक होतं."